पॅराबोला आणि इलिप्सची वर्कशीट: समीकरण बघून फोकस आणि अक्ष कसे काढायचे

भाची अकरावी सायन्सला आहे. परवा रात्री तिने कॉनिक सेक्शन्सच्या वर्कशीटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत तरी दहातली सहा चुकली." फोटो झूम करून बघितला तर गंमत अशी की आकडेमोड तिची कुठेच चुकली नव्हती, भागाकार बरोबर, वर्गमूळं बरोबर, पण x² = −8y चा फोकस तिने (−2, 0) लिहिला होता, म्हणजे आकडा बरोबर आणि जागा चुकीची, आणि 25x² + 9y² = 225 या इलिप्सचा मोठा अक्ष X वर टाकून दिला होता कारण 25 मोठा दिसला. मी फोन करून विचारलं की हे कशावरून लिहिलंस गं, तर म्हणाली की क्लासच्या नोट्समध्ये टेबल आहे, चार पॅराबोला आणि दोन इलिप्सचं, ते आठवून लिहिलं.

तो टेबल हाच घोळ आहे असं माझं मत. त्यात तीसेक खाने असतात, सगळे एकमेकांसारखे दिसतात, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये नेमका शेजारचा खाना आठवतो. त्यापेक्षा समीकरणाकडे नीट बघितलं तर ते स्वतःच सांगतं की मी कुठे बघतोय आणि माझा फोकस कुठे आहे. तिला त्या रात्री फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. पॅराबोलाला मराठी माध्यमात अन्वस्त म्हणतात, इलिप्सला लंबवर्तुळ किंवा विवृत्त, फोकसला नाभी, पण कॉलेजात सगळे पॅराबोला-इलिप्सच म्हणतात म्हणून मीपण तेच वापरतो.

आधी पॅराबोला: वर्ग कुणाला नाहीये ते बघा

पहिलं गणित घ्या, y² = 12x. इथे एका अक्षराला वर्ग आहे आणि एकाला नाही. ज्याला वर्ग नाही ते अक्षर बघायचं, पॅराबोलाचा अक्ष त्याच्याच दिशेने असतो. इथे x ला वर्ग नाही, म्हणजे अक्ष X-अक्षावर, आणि फोकसही तिथेच, X-अक्षावर कुठेतरी.

असं का ते एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करायची गरजच उरत नाही. y ला वर्ग आहे, म्हणजे y = 6 टाका किंवा y = −6 टाका, दोन्हीकडे 36 च येतं आणि x तोच मिळतो, म्हणजे वरचा भाग आणि खालचा भाग आरशातल्यासारखे सारखे, आणि आरसा ठेवलाय X-अक्षावर. तो आरसा म्हणजेच पॅराबोलाचा अक्ष. x ला मात्र वर्ग नाही, x ऋण घेतला तर y² ऋण येईल आणि ते जमणारच नाही, म्हणून हा पॅराबोला फक्त उजव्या बाजूला उघडतो. चिन्हाचा अर्थ एवढाच. उजवीकडचा सहगुणक धन असेल तर त्या अक्षाच्या धन बाजूला तोंड, ऋण असेल तर ऋण बाजूला.

आता आकडा. स्टँडर्ड फॉर्म y² = 4ax आहे, म्हणजे 4a = 12, a = 3, फोकस (3, 0). तो 4 कुठून आला हे कुणी सांगत नाही म्हणून पोरं घाईत a = 12 धरून मोकळी होतात. पॅराबोलाची व्याख्या अशी की त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू फोकसपासून जेवढा लांब, तेवढाच एका ठराविक रेषेपासून, डायरेक्ट्रिक्सपासून लांब. फोकस (a, 0) वर धरा आणि रेषा x = −a. दोन्ही अंतरांचे वर्ग समान मांडले की

(x − a)² + y² = (x + a)²

आणि कंस सोडवले की x² आणि a² दोन्हीकडून उडतात, डावीकडे −2ax उरतं, उजवीकडे +2ax, ते एका बाजूला आणले की y² = 4ax. म्हणजे दोन आणि दोन मिळून तो चार झालाय. एवढं लक्षात असलं की डायरेक्ट्रिक्सही वेगळी पाठ करायला नको, फोकस शिरोबिंदूच्या एका बाजूला a अंतरावर, तर ती दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर. इथे x = −3.

उत्तर बरोबर आहे का हे तपासायला मी एक जागा नेहमी वापरतो, फोकसच्या बरोब्बर वरची. x = 3 टाका, y² = 36, y = 6, बिंदू (3, 6). फोकस (3, 0) पासून त्याचं अंतर 6. रेषा x = −3 पासून अंतर 3 + 3, म्हणजे परत 6. जुळलं. समजा a चुकून 12 धरला असता, तर x = 12 ला y = 12 येतो, फोकसपासून अंतर 12 आणि रेषेपासून 24, लगेच कळतं की काहीतरी गडबड आहे. वीस सेकंदांचं काम आहे, आणि जाता जाता लेटस रेक्टम, म्हणजे फोकसमधून अक्षाला लंब जाणाऱ्या जीवेची लांबीही मिळते, वर 6 खाली 6 म्हणजे 12, जी 4a च आहे.

आता भाचीचं चुकलेलं, x² = −8y. वर्ग कुणाला नाही? y ला. म्हणजे अक्ष Y-अक्षावर. चिन्ह ऋण, म्हणजे तोंड खाली. 4a = 8, a = 2. फोकस (0, −2), डायरेक्ट्रिक्स y = 2. तिने आकडा आणि चिन्ह दोन्ही बरोबर काढलं होतं, फक्त हा सगळ्यात पहिला प्रश्न विचारलाच नव्हता. आणखी एक बघा, मी a = 2 लिहिलं, −2 नाही. a हे अंतर आहे, ते धनच ठेवायचं आणि दिशा चिन्हावरून वेगळी ठरवायची. काहीजण 4a = −8 म्हणून a = −2 धरतात, तसंही उत्तर निघतं, पण मग डायरेक्ट्रिक्स लिहिताना ऋणाचं ऋण होऊन निम्मे जण घसरतात.

तिसरं गणित असं होतं: 3y² = −20x. इथे घाईत 4a = 20 केलं की संपलं. y² एकटा उभा राहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आधी 3 ने भागा, y² = −(20/3)x, मग 4a = 20/3, a = 5/3, फोकस (−5/3, 0), डायरेक्ट्रिक्स x = 5/3. अपूर्णांक आला म्हणून उत्तर चुकलं असं समजून खोडू नका, भाचीने नेमकं तेच केलं होतं, बरोबर उत्तर खोडून वर −5 लिहिलेलं फोटोत दिसत होतं.

"अक्षाचं समीकरण" विचारलं की जीभ घसरते

हा मुद्दा छोटा आहे पण मार्क जातात. y² = 12x चा अक्ष X-अक्ष आहे. आता X-अक्षाचं समीकरण काय? y = 0. पोरं लिहितात x = 0, कारण नावात X आहे ना. X-अक्षावरचा कुठलाही बिंदू घ्या, (1, 0), (7, 0), (−4, 0), सगळ्यांत सारखं काय आहे तर y शून्य आहे, म्हणून समीकरण y = 0. प्रश्नात "axis" म्हटलं असेल तर "X-axis, y = 0" असं दोन्ही लिहा, म्हणजे तपासणाऱ्यालाही शंका नको. x² वाल्या पॅराबोलात उलट, Y-अक्ष, x = 0.

खोडदची डिश

पुण्याहून नाशिक रोडने नारायणगावला गेलात की तिथून जवळ खोडदला जीएमआरटीची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. डिशचा मधोमध उभा काप घेतला की पॅराबोला मिळतो, आणि आकाशातून अक्षाला समांतर आलेल्या रेडिओ लहरी जाळीवर आपटून सगळ्या फोकसपाशी जमतात, म्हणून सिग्नल पकडणारं उपकरण चार पायांच्या सांगाड्यावर बरोबर तिथे बसवलेलं असतं. त्या डिशचं फोकल अंतर साधारण १८.५ मीटर आहे. म्हणजे आपल्या भाषेत a = 18.5, डिशचं तोंड वर आकाशाकडे धरलं तर समीकरण x² = 74y.

आता याच्यावरून डिश किती खोल आहे ते काढता येतं. काठ मध्यापासून 22.5 मीटरवर आहे, x = 22.5 टाका, x² = 506.25, त्याला 74 ने भागलं की y साधारण 6.8 मीटर. म्हणजे दोन मजली घराएवढी खोली, आणि फोकस 18.5 मीटरवर, डिशच्या काठापेक्षा जवळजवळ बारा मीटर उंच. वर्कशीटमध्ये "फोकस पॅराबोलाच्या आत असतो" असं वाक्य असतं आणि मुलांना वाटतं की आत म्हणजे वाटीत बुडलेला, पण वाटी काठाशी कापली असेल तर फोकस काठाच्या बराच वर येऊ शकतो. पसरट डिशचा फोकस लांब, खोलगट डिशचा जवळ. समीकरणात बघायचं तर x² एकटा ठेवल्यावर उजवीकडे y चा सहगुणक जेवढा मोठा तेवढा पॅराबोला पसरट.

आता इलिप्स: खाली मोठा आकडा कुणाच्या आहे ते बघा

इलिप्समध्ये दोन्ही अक्षरांना वर्ग असतात आणि दोन्ही मिळून 1 होतात, त्यामुळे आधीची युक्ती चालत नाही. इथे प्रश्न बदलतो: छेदात मोठा आकडा कुणाच्या खाली आहे?

x²/25 + y²/16 = 1

मोठा 25, तो x खाली. म्हणजे मोठा अक्ष X-अक्षावर. याचंही कारण सरळ आहे, y = 0 टाका, x² = 25, म्हणजे आकृती X-अक्षाला ±5 ला कापते. x = 0 टाका, y ±4 ला. आडवी पसरलीय 10, उभी 8. मग मोठा अक्ष आडवाच असणार. म्हणजे खरं तर टेबल नको, दोन वेळा शून्य टाकलं की आकृती समोर येते.

इथे सावधान, छेदात वर्ग असतात. इलिप्समध्ये a म्हणजे अर्धा मोठा अक्ष आणि b म्हणजे अर्धा लहान अक्ष, पॅराबोलातला a वेगळा. 25 म्हणजे a², a नाही. अक्षाची "लांबी" विचारली तर 2a, म्हणजे 10, अर्धा अक्ष विचारला तर 5. भाचीच्या शीटवर एके ठिकाणी मोठ्या अक्षाची लांबी 25 लिहिलेली होती आणि एके ठिकाणी 5, म्हणजे एकदा वर्गमूळ काढायचंच विसरली आणि एकदा दुप्पट करायचं.

फोकस आता. मोठ्या वर्गातून लहान वर्ग वजा, 25 − 16 = 9, वर्गमूळ 3, फोकस (3, 0) आणि (−3, 0). दोन फोकस, दोघंही मोठ्या अक्षावर. हे अंतर काही पुस्तकांत c म्हणून लिहितात, काहींत ae म्हणून, e म्हणजे उत्केंद्रता, आणि इथे e = 3/5. दोन्ही एकच.

सगळ्यात जास्त चूक होते ती वजाबाकीच्या जागी बेरीज करण्यात, 25 + 16 = 41 आणि फोकस √41 वर. पायथागोरसची सवय लागलेली असते, शिवाय पुढच्या धड्यात हायपरबोलाला खरंच बेरीज येते. पण √41 म्हणजे सहा पूर्णांक चार, आणि आपली आकृती 5 लाच संपतेय. फोकस इलिप्सच्या बाहेर पडला! इलिप्सचा फोकस नेहमी आत असतो, त्यामुळे उत्तर लिहिलं की एकदा बघायचं, फोकसचा आकडा अर्ध्या मोठ्या अक्षापेक्षा लहान आहे ना. नसेल तर बेरीज केलीय, दुसरं काही नाही.

दोरा घेऊन एकदा करून बघा

वजाबाकी का हे शब्दांत सांगण्यापेक्षा हाताने करा. एक पुठ्ठा घ्या, त्यावर कागद, आणि दोन टाचण्या एकमेकींपासून बरोबर 6 सेंटीमीटरवर टोचा. या आपल्या दोन फोकस, मध्यापासून तीन तीन. आता शिवणाचा दोरा, ताणला न जाणारा, दोन्ही टोकं टाचण्यांना अशी बांधा की मधला मोकळा दोरा 10 सेंटीमीटर राहील. गाठीत दोरा जातो, म्हणून आधी बारा-तेरा घ्या आणि बांधून झाल्यावर मोजा. पेन्सिलीने दोरा ताणून धरा आणि ताण न सोडता फिरवत न्या, वरचा अर्धा आधी, मग दोरा टाचण्यांच्या खालून घेऊन खालचा अर्धा.

जे निघेल ते मोजा. आडवं 10, उभं 8. तेच आपलं 25 आणि 16.

आता पेन्सिल बरोबर मध्यावर, सगळ्यात वरच्या बिंदूवर आणून थांबा. दोरा दोन्हीकडे सारखा वाटला गेलाय, पाच आणि पाच. एका बाजूचा त्रिकोण बघा: मध्यापासून टाचणीपर्यंत 3, मध्यापासून पेन्सिलीपर्यंत 4, आणि कर्ण म्हणजे दोरा, 5. कर्ण a आहे! पायथागोरस बरोबरच होता, फक्त मोठी बाजू a आहे, c नाही, म्हणून c² = a² − b². माझ्या भाचीने हे व्हिडिओ कॉलवर केलं, पहिल्यांदा दोरा सैल झाला आणि अंड्यासारखी आकृती आली, दुसऱ्यांदा नीट आली, आणि पेन्सिल वर थांबवल्यावर ती स्वतःच म्हणाली, "अरे, हा तर तीन-चार-पाच."

याच्यावरून तपासणीही मिळते. इलिप्सवरचा कुठलाही बिंदू घ्या, दोन्ही फोकसपासूनच्या अंतरांची बेरीज 2a यायलाच हवी, कारण दोरा तेवढाच आहे.

गुंडाळून ठेवलेला इलिप्स

आता ते 25x² + 9y² = 225. इथे 25 x बरोबर आहे, पण तो वर आहे, गुणिले, छेदात नाही. उजवीकडे 1 आल्याशिवाय काही वाचायचं नाही. 225 ने भागा:

x²/9 + y²/25 = 1

25 आणि 9 ची अदलाबदल झाली बघा. ज्याचा सहगुणक मोठा त्याचा छेद लहान, त्यामुळे वरच्या रूपात बघून ठरवलं तर दर वेळी बरोबर उलटं उत्तर येणार. आता मोठा छेद y खाली, मोठा अक्ष Y-अक्षावर, लांबी 10, लहान अक्ष X-अक्षावर, लांबी 6. 25 − 9 = 16, फोकस (0, 4) आणि (0, −4).

इथे पुस्तकापुस्तकात अक्षरांचा फरक आहे आणि त्याने फार गोंधळ होतो. काही पुस्तकं a हे नेहमी मोठ्या अर्ध-अक्षाला देतात, मग तो x खाली असो की y खाली. काही पुस्तकं x खाली नेहमी a² आणि y खाली नेहमी b² ठेवतात, आणि उभ्या इलिप्सला b > a म्हणतात, तिथे फोकस (0, ±be) असा लिहिलेला दिसेल. कॉलेजचं पुस्तक एक, क्लासच्या नोट्स दुसऱ्या, आणि एका गणितात अर्धा फॉर्म्युला इकडचा अर्धा तिकडचा. म्हणून मी तिला सांगितलं की a, b विसर, "मोठा" आणि "लहान" म्हण. मोठा वजा लहान, वर्गमूळ, आणि फोकस मोठ्याच्या अक्षावर. उत्केंद्रता म्हणजे फोकसचं अंतर भागिले अर्धा मोठा अक्ष, इथे 4/5. ती 1 च्या वर आली की भागाकार उलटा झालाय.

उत्केंद्रतेवरून एक गोष्ट आठवली. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा इलिप्स आहे आणि सूर्य एका फोकसवर आहे, केप्लरने हे आधी मंगळाच्या कक्षेबद्दल १६०९ मध्ये छापलं. पाठ्यपुस्तकातलं चित्र बघून वाटतं की कक्षा चांगली लांबट असेल. प्रत्यक्षात अर्धा मोठा अक्ष सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आणि उत्केंद्रता 0.0167, गुणाकार केला की सूर्य मध्यापासून साधारण २५ लाख किलोमीटर सरकलेला आहे. पण अर्धा लहान अक्ष मोठ्यापेक्षा किती कमी? जेमतेम २१ हजार किलोमीटर. म्हणजे कागदावर काढली तर कक्षा वर्तुळच दिसेल, फक्त सूर्य मध्यावर नसेल. वर्कशीटमध्ये x²/100 + y²/99 = 1 असं काही आलं आणि फोकस (1, 0) वर आला तर दचकू नका, छेदात जरासा फरक असला तरी फोकस बराच सरकतो, कारण फरक वर्गांचा असतो.

सरकवलेली गणितं

शीटच्या शेवटी एखादं असं असतंच:

(x − 2)²/9 + (y + 1)²/25 = 1

हे मघाचंच इलिप्स आहे, नुसतं उचलून दुसरीकडे ठेवलंय. आधी कंस शून्य कुठे होतात ते बघा, x = 2 आणि y = −1, तो मध्य, (2, −1). कंसात +1 आहे म्हणून मध्य +1 लिहायचा मोह होतो, पण शून्य व्हायला y ला −1 च व्हावं लागतं. मग बाकी सगळं जसंच्या तसं, मोठा अक्ष उभा, फोकस मध्यापासून 4 वर आणि 4 खाली. म्हणजे (2, 3) आणि (2, −5). फक्त y बदलला, x तसाच राहिला, कारण आपण उभे सरकलो. मोठ्या अक्षाचं समीकरण x = 2, लहान अक्षाचं y = −1.

पॅराबोलालाही तसंच. (y − 1)² = 8(x + 2) चा शिरोबिंदू (−2, 1), वर्ग नसलेला x, चिन्ह धन, a = 2, म्हणून फोकस शिरोबिंदूच्या उजवीकडे दोन घरं, (0, 1), आणि डायरेक्ट्रिक्स डावीकडे दोन घरं, x = −4.

घरी तपासायचं असेल तर

मोबाइलवर जिओजेब्रा टाकलेलं असेल तर समीकरण आहे तसं टाइप करा आणि फोकस, अक्ष त्यालाच विचारा:

```
c: 25x^2 + 9y^2 = 225
Focus(c)
Axes(c)
```

पण आधी वहीत उत्तर लिहून मगच. आणि तिथे दोन्ही अक्षांची समीकरणं येतात, लांबी नाही, ती तुमची तुम्हाला काढावी लागेल.

भाचीला दुसऱ्या दिवशी मी पाच नवीन दिली होती, तीच इथे देतो, उत्तरं खाली आहेत, झाकून करा.

y² = −6x
5x² = 16y
4x² + y² = 16
3x² + 4y² = 12
(x + 3)² = −12(y − 2)

पहिल्याचा फोकस (−3/2, 0). दुसऱ्यात 5 ने भागल्यावर 4a = 16/5, म्हणून (0, 4/5). तिसऱ्यात मोठा छेद 16 y खाली येतो, अक्षांच्या लांबी 8 आणि 4, फोकस (0, ±2√3). चौथ्यात छेद 4 आणि 3, फोकस (±1, 0), लांबी 4 आणि 2√3. पाचव्याचा शिरोबिंदू (−3, 2), तोंड खाली, a = 3, फोकस (−3, −1), डायरेक्ट्रिक्स y = 5. तिची चार बरोबर आली, पाचव्यात फोकस बरोबर काढला आणि अक्ष मात्र y = −3 लिहिला.